ॲनिलीनच्या नायट्रेशनमध्ये 47 टक्के मेटा येतं कुठून?

खानापूरची_ताई

नमस्कार मंडळी. मी खानापुरात पीयूसी दुसऱ्या वर्षाच्या मुलांची केमिस्ट्रीची शिकवणी घेते. माझी बहुतेक मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. पीयूला गेली की एकदम सगळं इंग्रजी. त्यामुळे पुस्तक इंग्रजी आणि समजावणं मराठीत, असं आमचं चालतं.

काल बेंझीनच्या रिंगवर आधीच एक गट बसलेला असेल तर दुसरा येऊन कुठे बसतो, ते घेतलं. रिंगला इलेक्ट्रॉन देणारा गट असेल तर नवीन पाहुणा ऑर्थो-पॅराला जातो आणि काम पटापट होतं. ओढून घेणारा असेल तर तो मेटाला जातो आणि काम रेंगाळतं. -NH2 म्हणजे देणाऱ्यांतला सगळ्यात उदार, असंही सांगून झालं. मुलं खूश.

नंदगडहून येणारी एक मुलगी आज अमाइनचा धडा उघडूनच आली. त्यात छापलंय की ॲनिलीनला नायट्रिक आणि सल्फ्युरिकच्या मिश्रणात 288 केल्विनला नायट्रेट केलं तर पॅरा 51 टक्के, मेटा 47 टक्के आणि ऑर्थो फक्त 2 टक्के मिळतं. ती म्हणाली, "ताई, एवढा उदार गट, मग निम्मं मेटाला कसं गेलं? आणि ऑर्थोचं काय झालं?" पुस्तकात एका ओळीत कारण दिलंय, ते मी वाचून दाखवलं, पण माझंच समाधान झालं नाही. कुणी नीट उलगडून सांगेल का?

निपाणीकर

ताई, यात अवघड काही नाही. ॲनिलीन बेस आहे. दोन जबरदस्त ॲसिडांत टाकलं की नायट्रोजन लगेच प्रोटॉन घेतो आणि -NH2 चा होतो -NH3+. ज्या जोडीच्या जिवावर तो रिंगला इलेक्ट्रॉन देत होता ती जोडीच प्रोटॉनने अडकवून टाकली. आता देणारा गेला, उलट प्लस चार्ज घेऊन ओढणारा आला. म्हणून मेटा. आणि जे थोडं ॲनिलीन मोकळं राहिलं त्याच्यातून 51 टक्के पॅरा आलं. सीईटीला एवढं लिहिलं की मार्क पडतात. मी आठ वर्षं हेच शिकवतोय.

चिकोडी_पाटील

आमच्या मुलालाही हा प्रश्न आला होता. ॲनिलीनमध्ये ब्रोमीन वॉटर टाकलं की लगेच पांढरा साका पडतो. दोन्ही ऑर्थो आणि पॅरा अशा तिन्ही जागा भरतात, ट्रायब्रोमो होतं. कॅटॅलिस्टसुद्धा लागत नाही. त्यात मेटा अजिबात येत नाही. ताईंनी आकडा परत तपासावा, छपाईची चूक असेल.

खानापूरची_ताई

पाटीलसाहेब, आकडा बरोबर आहे, दोनदा बघितला. तुम्ही म्हणताय ते ब्रोमीनचं, मी विचारतेय नायट्रेशनचं. पण तुमचंही खरं आहे, आणि त्यानेच गोंधळ वाढला. तेच ॲनिलीन एकीकडे तिन्ही जागा ऑर्थो-पॅराच्या घेतं आणि दुसरीकडे निम्मं मेटाला जातं!

टिळकवाडीच्या_बाई

ताई, पाटीलसाहेबांनी चुकून का होईना, उत्तराचं दार उघडून दिलंय. ब्रोमीन वॉटरमध्ये ॲनिलीन मोकळं असतं, -NH2 असतं. नायट्रेशनच्या मिश्रणात बाटलीवर नाव ॲनिलीन असलं तरी फ्लास्कमध्ये जवळपास सगळं ॲनिलिनियम असतं. रिंगवर हुकूम चालतो तो त्या घडीला फ्लास्कमध्ये जो गट उभा आहे त्याचा. मी बीएस्सीला शिकवत असताना मुलांना आधी एकच विचारायची: या ॲसिडात हा गट कोणत्या रूपात आहे ते सांग, मग तक्ता उघड.

आता कारण बघू. नायट्रोनियम रिंगला चिकटला की रिंगवर प्लस चार्ज येतो. तो चार्ज एका जागी बसत नाही. ज्या कार्बनला पाहुणा चिकटला त्याच्या दोन्ही शेजारी आणि बरोबर समोर, अशा तीन जागी वाटला जातो. पाहुणा पॅराला आला तर त्या तीन जागांतली समोरची जागा म्हणजे -NH2 ज्याला धरून आहे तो कार्बन. नायट्रोजन आपली जोडी पुढे करून तो चार्ज उचलतो, आणि अशी एक मांडणी तयार होते जिच्यात प्रत्येक अणूचे आठ इलेक्ट्रॉन पुरे असतात. ऑर्थोलाही तसंच. मेटाला पाहुणा आला तर चार्ज नायट्रोजनच्या कार्बनवर येतच नाही, म्हणजे नायट्रोजनला मदत करायची संधीच नाही.

आता -NH3+ ठेवा. पाहुणा पॅराला आला तर चार्ज त्याच कार्बनवर येतो आणि त्याच्या मांडीला मांडी लावून आधीच एक प्लस बसलाय. दोन प्लस शेजारी, हे महागात पडतं. मेटाला हे टळतं. मेटाचं काही भलं होत नाही, त्याचं नुकसान कमी होतं एवढंच. म्हणून काम एकूण रेंगाळतं. "मेटाकडे पाठवतो" हा शब्दप्रयोग मुलांची फसगत करतो, तो जरा जपून वापरा.

निपाणीकर, तुमचं पहिलं अर्धं अगदी बरोबर. "उरलेल्या मोकळ्या ॲनिलीनमधून सगळं पॅरा" हे मात्र मला पटत नाही.

निपाणीकर

बाई, का पटत नाही? मोकळं थोडंच असेल, पण ते ॲनिलिनियमच्या लाखो पट चपळ आहे. थोडं असलं तरी तेच आधी रिॲक्ट होणार. एक संपलं की समतोल सरकून दुसरं मोकळं होणार. हिशेब जमतो की.

टिळकवाडीच्या_बाई

पातळ ॲसिडात तुमचा हिशेब जमतो, ते मी मान्य करते. कडक ॲसिडात जमत नाही. ॲनिलिनियमचा पीकेए साधारण 4.6. म्हणजे 2.6 पीएचलाच शंभरातलं एक मोकळं उरतं. 98 टक्के सल्फ्युरिक तर पीएचच्या मापाच्या कितीतरी पलीकडे आहे. तिथे लाख कोटींतही एक रेणू मोकळा सापडायचा नाही. आणि कितीही चपळ म्हटला तरी नायट्रोनियमशी टक्कर होण्याआधी तर रिॲक्शन होऊ शकत नाही. चपळाईला तिथे मर्यादा येते.

दुसरा पुरावा मला जास्त आवडतो. नायट्रोजनवर तीन मिथाइल लावून त्याला कायमचा प्लस करून टाका, -N(CH3)3+. याच्याकडे सोडायला प्रोटॉनच नाही, म्हणजे मोकळ्या अमाइनची पळवाट बंद. हा नायट्रेट केला तर 89 टक्के मेटा मिळतं आणि 11 टक्के पॅरा. ते 11 टक्के कुठून आलं? प्लस चार्जवाल्या रेणूतूनच. रिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात हे काम केलं. 98 टक्के सल्फ्युरिकमध्ये ॲनिलीनचं 62 टक्के मेटा आणि 38 टक्के पॅरा मिळालं, आणि तेही ॲनिलिनियममधूनच असल्याचं त्यांनी वेग मोजून दाखवलं. ॲसिड पातळ करत गेलं की मेटा घटतं आणि पॅरा वाढतं. तिथून पुढे तुमचं मोकळं ॲनिलीन कामाला लागतं.

अथणीचा_सागर

बाई, मध्येच बोलतोय, माफ करा. मी बीएस्सी शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात प्रॅक्टिकलला ॲसिटॅनिलाइडचं नायट्रेशन होतं. माझंही बहुतेक हेच झालं, निम्मं मेटा आलं.

5 ग्रॅम ॲसिटॅनिलाइड, 5 मिली ग्लेशियल ॲसेटिक, त्यात 10 मिली सल्फ्युरिक. मग 2.2 मिली नायट्रिक आणि 1.4 मिली सल्फ्युरिकचं गार मिश्रण थेंबथेंब टाकायचं, पारा 10 च्या वर जाऊ द्यायचा नाही. अर्ध्यात आमच्या टेबलावरचा बर्फ संपला. वेळही संपत आली होती म्हणून मी उरलेलं भराभर ओतलं. पारा 35 ला गेला. बर्फाच्या पाण्यात ओतल्यावर साका पडला, पण पिवळा. वाळवून मेल्टिंग पॉइंट घेतला तर 190 ला घाम फुटला आणि 203 ला पूर्ण वितळलं. पुस्तकात पॅराचा 215 च्या आसपास आहे. सरांनी वहीवर लाल शेरा मारला. हे मेटाच ना?

टिळकवाडीच्या_बाई

सागर, बरं झालं तू आकडे दिलेस. हे मेटा नसावं. ॲसिटॅनिलाइडमध्ये नायट्रोजनला ॲसिटाइल गटाची टोपी घातलेली असते. त्याची जोडी थोडी कार्बोनिलकडे ओढलेली असते, म्हणून तो ॲनिलीनसारखा प्रोटॉन पकडत नाही. पण रिंगला द्यायला जोडी शिल्लक राहते. म्हणून तो ऑर्थो-पॅराचाच राहतो, फक्त उदारपणा आवरता. टोपी घालतो ती यासाठीच. आणि ती अंगाने मोठी असल्यामुळे शेजारची ऑर्थो जागा अडवते, म्हणून पॅरा जास्त. मेटा अगदी नाममात्र येतं.

मला तुझ्या फ्लास्कमध्ये दोन संशयित दिसतात. एक ऑर्थो. ते थोडं नेहमीच होतं, पिवळं असतं, 93 च्या आसपास वितळतं आणि अल्कोहोलमध्ये सहज विरघळतं. दुसरा जास्त वाईट. पारा चढला, ॲसिड कडक, त्यात टोपीच उडाली असेल. टोपी उडालेलं पॅरा म्हणजे पॅरा-नायट्रोॲनिलीन, गडद पिवळं, 147 ला वितळतं. शिवाय गरम मिश्रणात दुसरा नायट्रोही बसू शकतो.

एक विचारते. साका किती वेळा धुतलास? धुणं लिटमसला उदासीन येईपर्यंत धुतलं होतंस का?

अथणीचा_सागर

दोनदा धुतलं. लिटमस लावला नाही. आणि वेळ नव्हता म्हणून ओव्हनमध्ये वाळवलं.

टिळकवाडीच्या_बाई

म्हणजे ॲसिड आत तसंच, आणि वर ओव्हनची उष्णता. टोपी तिथेही उडाली असेल. खात्री करायची असेल तर चिमूटभर माल पातळ एचसीएलमध्ये हलव, गाळ, गाळलेलं पाणी बर्फात गार कर. त्यात सोडियम नायट्राइटचे दोन थेंब टाक आणि मग सोड्यात विरघळवलेला बीटा-नॅफ्थॉल. रंग आला तर मोकळा -NH2 आहे, म्हणजे टोपी उडालेली. टोपी शाबूत असेल तर रंग येणार नाही.

रंगारी_निपाणी

बाई, हे वाचून राहवलं नाही. मी इचलकरंजीला रंगखात्यात तीस वर्षं काढली. तुम्ही सांगितलेली टेस्ट म्हणजे आमचा पॅरा रेड! कापडाला आधी बीटा-नॅफ्थॉल पाजायचा, वाळवायचं, मग पॅरा-नायट्रोॲनिलीनचं बर्फातलं डायझो. कापड आत गेलं की डोळ्यांदेखत लाल होऊन बाहेर येतं. आमच्या जुन्या मिस्त्रींकडून ऐकलेलं, माल भेसळीचा आला की लाल नारिंगीकडे झुकतो. तेव्हा कारण कळत नव्हतं. मेटा किंवा ऑर्थो मिसळलं तर असं होतं का?

आणि पोरांनो, हा लाल फक्त कापडासाठी. मिरची पूडमध्ये हा मिसळल्याच्या तक्रारी परदेशात झाल्यात. आपल्या संकेश्वरी मिरचीला असल्या रंगाची गरज नाही, कुणी सांगितलं तरी हात लावू नका.

टिळकवाडीच्या_बाई

होय, रंगारीभाऊ. तेच बीटा-नॅफ्थॉल, पण ऑर्थो किंवा मेटा-नायट्रोॲनिलीन जोडलं तर रंग नारिंगीकडे जातो. नायट्रो रिंगवर कुठल्या खुर्चीत बसलाय ते तुमचं कापड सांगत होतं.

म्हणूनच पॅरा-नायट्रोॲनिलीन हवं असेल तर ॲनिलीन थेट नायट्रेट करत नाहीत. निम्मं मेटाला जातं, आणि वर नायट्रिक मोकळ्या ॲनिलीनला जाळून काळं डांबर करतं. आधी टोपी घालायची, नायट्रेट करायचं, पॅरा वेगळं काढायचं आणि शेवटी ॲसिडात उकळून टोपी काढायची. सागर, टोपी काढायचीच असते, फक्त तुझी वेळेआधी निघाली.

खानापूरची_ताई

बाई, आज वर्गात हे सगळं सांगितलं. टोपीची गोष्ट मुलांना फार आवडली. पण त्या नंदगडच्या मुलीने पुन्हा अडवलं. ती म्हणते, मेटाच्या जागा दोन आणि पॅराची एक. मग 62 टक्क्यांना दोनने भागायला नको का? भागलं तर मेटाच्या एका जागेवर 31 आणि पॅराच्या एकट्या जागेवर 38. "मग ताई, -NH3+ मेटाकडे पाठवतो हे खरं कसं?" मी फळ्याकडे बघत उभी राहिले.

टिळकवाडीच्या_बाई

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. तिने बरोबर जागी बोट ठेवलंय. जागेमागे हिशेब केला तर -NH3+ मध्ये पॅरा थोडं पुढेच आहे. तिलाच -N(CH3)3+ चा हिशेब करायला सांगा. 89 चे निम्मे 44.5, समोर पॅराचे 11. तिथे मेटा चौपट पुढे. म्हणजे दोन्ही गट प्लस, दोन्ही रिंगला सुस्त करणारे, पण वळवण्याची ताकद सारखी नाही.

आणि ऑर्थो दोन्हीकडे नगण्य, कारण ऑर्थो जागा प्लसच्या अगदी खेटून आहे. येणारा नायट्रोनियमही प्लसच.

-NH3+ सौम्य का, यावर मला पटणारं कारण असं. त्याच्या तीन हायड्रोजनना भोवतालचे ॲसिडचे रेणू हायड्रोजन बंधाने धरतात, त्यामुळे त्याचा चार्ज थोडा बाहेर वाटला जातो. मिथाइलवाल्याला तशी सोय नाही.

निपाणीकर

बाई, तुमचं शास्त्र मान्य. मोकळ्या ॲनिलीनवर मी सगळा भार टाकत होतो, ते उद्यापासून बदलतो. पण पीयूच्या मुलाला मी तरी हेच सांगणार की ॲनिलिनियम मेटा-डायरेक्टिंग. पेपरात तोच पर्याय बरोबर धरतात. जागेमागे हिशेब सांगितला आणि पोराने परीक्षेत डोकं चालवलं तर मार्क कोण देणार?

खानापूरची_ताई

निपाणीकर, पेपरात काय लिहायचं ते मीही सांगते. पण विचारणाऱ्या मुलीला "तेवढंच लिही, पुढचं विचारू नको" असं मला म्हणता येत नाही. दहावीपर्यंत मराठीत धडाधड प्रश्न विचारणारी ही पोरं पीयूला आली की भाषेपायी गप्प होतात. एक बोलायला लागली आहे.

निपाणीकर

गप्प करा असं मी म्हणत नाही. आधी परीक्षा, मग हिशेब, एवढंच माझं म्हणणं. यावर आपलं जमणार नाही बहुतेक.

टिळकवाडीच्या_बाई

मी ताईंच्या बाजूची. पण आठ वर्षं शिकवून आज सांगितलेलं बदलायला तयार झालात, तुम्हालाही मनापासून नमस्कार.

पुस्तकातल्या 51-47 मध्ये किती वाटा कोणाचा हे मात्र ॲसिड नेमकं किती कडक होतं त्यावर ठरेल, आणि ते त्या ओळीत लिहिलेलं नाही. म्हणून त्या आकड्यावर एकच एक कारण बसवू नका.

अथणीचा_सागर

बाई, आज लॅबमध्ये थांबायची परवानगी मिळाली. टेस्ट केली. बीटा-नॅफ्थॉल टाकल्याबरोबर तांबडा-नारिंगी रंग आला. म्हणजे टोपी उडालीच होती, थोड्या मालाची का होईना. मग सगळा माल लिटमस बदलेनासा होईपर्यंत गार पाण्याने धुतला, गरम अल्कोहोलमध्ये विरघळवून हळूहळू गार होऊ दिला. वर गर्द पिवळं पाणी राहिलं आणि खाली जवळजवळ पांढऱ्या सुया बसल्या. वाळवून 2.8 ग्रॅम भरल्या. 5 ग्रॅममधून हिशेबाने 6.66 मिळायला हवं होतं, म्हणजे 42 टक्के. पण मेल्टिंग पॉइंट 212 ते 214! सरांनी शेरा खोडला नाही, पण खाली नवा आकडा लिहायला सांगितला.

त्या पिवळ्या पाण्याची टीएलसी लावली. शेजारी ऑर्थो आणि पॅरा-नायट्रोॲनिलीनचे ठिपके ठेवले होते. माझ्या पाण्यातला एक ठिपका पॅराच्या उंचीला आला. एक ऑर्थोच्याही वर गेला, तो टोपी असलेलं ऑर्थो असेल असं मला वाटतं. पण मधे एक तिसरा फिकट ठिपका आहे, तो कशाशीच जुळत नाही.

टिळकवाडीच्या_बाई

सुया छान आल्या, वही जपून ठेव. ऑर्थो वर का जातं ते सांगते. त्याचा नायट्रो आणि त्याचा -NH एकमेकांना आतल्या आत धरून बसतात, सिलिकाला धरायला मोकळे राहत नाहीत.

तिसरा ठिपका दोन नायट्रोवाला असू शकतो, पारा 35 ला गेला होता ना. नाहीतर टोपी लवकर उडालेल्या ॲसिटॅनिलाइडचं ॲनिलिनियम होऊन त्यातून आलेलं मेटा, तुला पहिल्या दिवशी वाटलं होतं तेच. लॅबच्या कपाटात मेटा-नायट्रोॲनिलीन असेल तर त्याचा ठिपका शेजारी लावून बघ.

अथणीचा_सागर

कपाटात बाटली आहे, लेबल अर्धं पुसलंय. सोमवारी आधी तिचा मेल्टिंग पॉइंट घेतो. 112-114 आला तरच लावतो.